चंद्रकळेमागचा उजेड

अंबाजोगाईतल्या एका जुन्या वाड्यात मी यंदा संक्रांतीचे फोटो काढले. घरच्या धाकट्या सुनेची पहिली संक्रांत होती. काळी चंद्रकळा, अंगावर हलव्याचे दागिने, मुकुटापासून बांगड्यांपर्यंत सगळं. फोटो स्टुडिओत नको, घरातच हवेत, असा सासूबाईंचा आग्रह होता, म्हणून मी आमचा तपकिरी पडदा आणि त्याचा स्टँड घेऊन गेलो. ओसरी अरुंद होती. खुर्ची पडद्यापासून जेमतेम अडीच फुटांवर ठेवता आली, मागं दिवा ठेवायला जागाच नव्हती. डाव्या हाताच्या खिडकीतून जानेवारीचा कोवळा उजेड येत होता. चेहऱ्यावर तो इतका सुंदर पडला होता की मागच्या बाजूकडं माझं लक्षच गेलं नाही.

चार दिवसांनी लॅपटॉपवर फोटो दाखवायला गेलो. सासूबाईंनी, म्हणजे काकूंनी, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "भाऊ, दागिने लई छान आलेत. पण पोरीचं डोकं अंधारात बुडल्यावानी दिसायलंय. केस कुठं संपलेत अन् पडदा कुठं सुरू झालाय, कळंना."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. चेहरा आणि पांढरे दागिने हवेत तरंगल्यासारखे दिसत होते, त्यांना धरून ठेवणारं डोकं आणि खांदे नव्हतेच. सूनबाई तोवर पुण्याला परत गेली होती आणि काकूंना रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला बारा बाय अठराची फ्रेम भिंतीवर हवी होती. परत फोटो काढणं शक्य नव्हतं. ज्या दिव्याला ओसरीत जागा मिळाली नाही, तो आता कॉम्प्युटरवर लावायचा होता.

दुकानात येऊन आधी आकडे बघितले. फोटोशॉपमध्ये Info पॅनल उघडून माउस कुठंही नेला की तिथल्या रंगाचे आकडे दिसतात, शून्य म्हणजे पूर्ण काळं आणि 255 म्हणजे पूर्ण पांढरं. पडदा 30 च्या आसपास होता. केस 15 ते 20. उजव्या खांद्यावरची साडी 22 ते 25. म्हणजे साडी आणि पडदा यांच्यात फरक होता फक्त पाच-सात आकड्यांचा. चांगल्या स्क्रीनवर डोळे ताणून तो कदाचित दिसेल, पण कागदावर गडद भाग अजून दबतात, तिथं तो राहणारच नाही. चेहऱ्याची उजळ बाजू मात्र 185 वर होती. तिथं हात लावायचं काही कारण नव्हतं.

पहिला प्रयत्न मी घाईत केला. सूनबाईचं सिलेक्शन केलं, तिच्या मागं एक नवीन लेयर घेतला, मोठा मऊ ब्रश घेतला, पांढरा रंग घेतला आणि डोक्यामागं एक ठिपका दिला. अपारदर्शकता कमी-जास्त करून बघितली. दहा मिनिटांत केस दिसायला लागले, खांदे दिसायला लागले, आणि तरी फोटो खोटा वाटत होता. कॅलेंडरवर देवाच्या मस्तकामागं जे तेजोवलय असतं, तसं झालं होतं. देवाला ते शोभतं, कारण तिथं उजेड देवातूनच निघतो असं दाखवायचं असतं. इथं उजेड पडद्यावर पडल्यासारखा दिसायला हवा होता.

अण्णा संध्याकाळी दुकानात आले. आता ते रोज येत नाहीत, पण फिल्मच्या काळात तीस वर्षं त्यांनी याच खोलीत फोटो काढले आहेत. त्यांनी स्क्रीन बघितली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तू दिवा कुठं ठेवलायस ते आधी मला सांग."

मला उत्तर देता येईना, कारण मी दिवा ठेवलाच नव्हता, ठिपका ठेवला होता.

"खुर्ची रिकामी ठेव," ते म्हणाले. "हाच पडदा टांग, मागं खरा दिवा लाव अन् एक फोटो काढ. उजेड कसा पसरतो ते डोळ्यांनी बघ, मग तिथं काढ."

त्या संध्याकाळी दुकान बंद करून आम्ही दोघांनी तेच केलं. पडद्यापुढं पाच फुटांवर खुर्ची ठेवली. खुर्चीच्या पाठीमागं, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, बुटका स्टँड ठेवून त्यावर छोटा एलईडी दिवा लावला आणि त्याच्या तोंडाला बटर पेपर चिकटवला. दिवा पडद्यापासून तीन फुटांवर, जमिनीपासून दोन फुटांवर आणि किंचित वर तोंड केलेला. खोलीतले बाकी सगळे दिवे बंद केले.

खरा उजेड माझ्या ठिपक्यापेक्षा तीन बाबतींत वेगळा होता, आणि पुढचं सगळं काम या तीन गोष्टींवरच झालं.

पहिली गोष्ट जागेची. मी ठिपका डोक्यामागं दिला होता. खऱ्या दिव्याचा सगळ्यात तेजस्वी भाग बसलेल्या माणसाच्या खांद्यांच्या पातळीला होता, म्हणजे तो बराचसा अंगामागं झाकला गेला असता. डोक्यापर्यंत येईतो उजेड उतरायला लागलेला होता. बघणाऱ्याला उजेडाचं केंद्र कधी दिसतच नाही, त्याची कड फक्त दिसते. केंद्र उघडं पडलं की नजर तिथंच जाते.

दुसरी गोष्ट उतरण्याची. फोटो काढून मी आकडे वाचले. केंद्रापाशी 118, तिथून एक फुटावर 84, दोन फुटांवर 52, तीन फुटांवर 37, आणि पुढं पडद्याच्या कोपऱ्यापर्यंत हळूहळू 30. म्हणजे उजेड आधी झपाट्यानं उतरतो आणि मग लांबवर रेंगाळतो. मऊ ब्रशचा ठिपका तसा नसतो. तो मधे उतरतो आणि कडेला एकदम संपतो, म्हणून त्याचा गोल ओळखू येतो. दिवा पडद्याच्या जवळ, दीड फुटावर सरकवून बघितला तर उजेडाचा डाग लहान आणि प्रखर झाला. चार फुटांवर नेला तर सगळा पडदाच सारखा उजळला आणि कोपरे गेले. तीन फुटांवरचा उजेड दोघांनाही पटला.

तिसरी गोष्ट रंगाची. आमचा पडदा तपकिरी आहे. दिवा पांढरा असला तरी पडद्यावरचा उजेड पांढरा नव्हता, उजळ तपकिरी होता. केंद्रापाशी लाल 126, हिरवा 116, निळा 105. मी पांढरा रंग फासला होता, त्यामुळं तिथं पडद्याचा रंगच उडाला होता आणि धूर झाल्यासारखं राखाडी दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरा लेयर काढून टाकला आणि नव्यानं बसलो. या वेळी रंग फासायचा नाही, आहे तो पडदाच उजळायचा असं ठरवलं. त्यासाठी Curves हा, मूळ फोटो न बदलता वरून उजळ-गडद करणारा ॲडजस्टमेंट लेयर बरा. त्यात 30 चा बिंदू धरून वर ओढला की पडद्याचे तिन्ही रंग जवळपास त्याच प्रमाणात वाढतात, तपकिरी तपकिरीच राहतो, आणि कापडाचा पोतही टिकतो.

आता मास्क, म्हणजे लेयरचा परिणाम कुठं दिसू द्यायचा ते ठरवणारा काळा-पांढरा नकाशा, पांढऱ्यात दिसतो आणि काळ्यात झाकतो. इथं मी पूर्वी एक चूक नेहमी करायचो. उजेडाचा आकार आणि माणसाची कड हे दोन्ही एकाच मास्कमध्ये कोंबायचो. मग उजेड थोडा सरकवायचा म्हटलं की कडाही सरकायची आणि सगळं पहिल्यापासून. या वेळी दोन्ही वेगळे ठेवले. आधी Select > Subject करून सूनबाईचं सिलेक्शन घेतलं, Select and Mask मध्ये केसांच्या कडा साफ केल्या, मग Select > Inverse. एक रिकामा ग्रुप केला आणि हे उलटं सिलेक्शन त्या ग्रुपला मास्क म्हणून लावलं. आता ग्रुपच्या आत काहीही केलं तरी ते फक्त पडद्यावर होणार, सूनबाईला लागणार नाही. ग्रुपच्या आत Curves लेयर, आणि त्याच्या स्वतःच्या मास्कवर फक्त उजेडाचा आकार. हा मास्क काळा करून त्यात एक उभट लंबगोल पांढरा भरला आणि Properties मधलं, कड मऊ करणारं Feather वाढवलं. फोटो 4000 बाय 6000 पिक्सेलचा होता, त्याला 650 च्या आसपास Feather दिल्यावर कड विरघळली.

पण रात्री मोजलेला तो लांबवर रेंगाळणारा उजेड एका लंबगोलातून येईना. कितीही Feather दिलं तरी तो कुठंतरी संपल्याचं दिसायचं. म्हणून दोन Curves लेयर केले. एक पसरट, जवळजवळ अख्ख्या फोटोभर, Feather पूर्ण 1000, आणि त्यानं पडदा 30 वरून फक्त 50 पर्यंत आणला. दुसरा त्याच्यावर, लहान, तो 50 चे 105 करणारा. दोन्हींची बेरीज झाल्यावर आकडे रात्रीच्या फोटोच्या जवळ आले. डोळ्यालाही ते लगेच जाणवलं. गोल दिसेनासा झाला आणि पडदा मागं सरकल्यासारखा वाटायला लागला.

केंद्र 105 च्या वर का नेलं नाही, तेही सांगतो. 150 पर्यंत नेऊन बघितलं होतं. चेहऱ्याची उजळ बाजू 185 असली तरी सावलीतला गाल 90-95 वर होता. पडदा गालापेक्षा बराच उजळ झाला की तो गाल मळल्यासारखा दिसतो आणि दागिन्यांचा पांढरेपणाही फिका पडतो. गालाला लागून पडदा 95 ते 100 ठेवला आणि सगळ्यात तेजस्वी भाग खांद्यामागं दडवला, तेव्हा चेहरा परत पुढं आला.

मग केंद्र डावीकडं की उजवीकडं, हा प्रश्न. मी आधी ते बरोबर मधे ठेवलं होतं. खिडकी डावीकडं, म्हणजे चेहऱ्याची डावी बाजू उजळ होती आणि ती काळ्या पडद्यावरही स्वतःहून उठून दिसत होती. अडचण उजवीकडं होती. उजवा गाल, उजवीकडचे केस, उजवा खांदा, हे सगळं पडद्यात विरघळलं होतं. म्हणून लहान लंबगोल उजव्या खांद्यामागं सरकवला. उजळ गालामागं गडद पडदा, गडद गालामागं उजळ पडदा. अण्णांच्या पिढीतले फोटोग्राफर मागचा दिवा असाच, तोंडावरच्या दिव्याच्या उलट बाजूला झुकवून ठेवत. मास्क वेगळे असल्यामुळं सरकवायला अर्धं मिनिट लागलं. सरकवल्यावर जो बदल झाला तो सगळ्या कामातला सगळ्यात मोठा होता.

इथपर्यंत छान झालं होतं. पण स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून बघितल्यावर कडांचं खरं काम सुरू झालं.

केसांभोवती एक काळी रेघ दिसत होती. ती केसांची नव्हती, जुन्या पडद्याची होती. सिलेक्शननं केसांच्या बाहेरचा तीन-चार पिक्सेलचा पडदा सूनबाईच्या बाजूला धरला होता. तेवढा भाग उजळला नाही, बाहेरचा उजळला, म्हणून पेननं कड काढल्यासारखी रेघ आली. मग मी मास्क आत ढकलला, तर उलटं झालं. उजेड केसांवर चढला आणि काळे केस राखाडी, धुरकट दिसायला लागले. एका आकड्यानं दोन्ही बाजू भागत नाहीत. शेवटी मास्कवर हातानं काम केलं. भांगाजवळ जिथं केस चोपून बसवलेले होते तिथं कड घट्ट ठेवली. कानामागं जिथं भुरभुरते केस होते तिथं मऊ ब्रश, वीस टक्के जोर, आणि उजेड केसांच्या आत थोडासा झिरपू दिला, कारण विरळ केसांतून मागचा उजेड दिसतोच. शेवटी दोन पिक्सेलचा ब्रश घेऊन, केसांचाच रंग उचलून, सुटलेल्या आठ-दहा बटा नव्यानं काढल्या. हे काम कंटाळवाणं वाटेल कुणाला, मला नाही वाटलं. एकेक बट उजेडात येताना दिसत होती.

खांद्याची कड वेगळी. फोकस डोळ्यांवर होता आणि मागचा खांदा किंचित धूसर होता. मास्कची कड मात्र सगळीकडं सारखी धारदार होती, त्यामुळं खांदा कात्रीनं कापून चिकटवल्यासारखा दिसत होता. तिथं ब्लर ब्रशनं मास्कची कड थोडी मऊ केली. पदराची जी कड पुढं, फोकसमध्ये होती, ती तशीच धारदार ठेवली.

आणि मग झुमका. हलव्याचे झुमके म्हणजे दोऱ्यात ओवलेले, काटे फुटलेले पांढरे दाणे. उजवा झुमका मानेपासून थोडा लांब लोंबत होता, आणि झुमका, मान व खांदा यांच्यामधे बोटाच्या पेराएवढी फट होती. त्या फटीतून मागचा पडदा दिसत होता. कॉम्प्युटरनं ती फट सूनबाईचाच भाग समजून धरली होती. त्यामुळं सगळीकडं पडदा उजळला आणि त्या एवढ्याशा तिकोनात 30 चा काळोख तसाच राहिला. दोन दिवस फोटो बघताना काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळत नव्हतं. अशी फट हात आणि कंबर यांच्यामधेही असते. मी कोपराजवळ बघितलं, तिथंही एक निघाली. दोन्ही ठिकाणी ग्रुपच्या मास्कवर पांढरा ब्रश फिरवला. झुमक्याच्या फटीत दोनशे टक्के मोठं करून, एकेका दाण्याच्या काट्याच्या मधून मास्क काढावा लागला. तेवढ्या जागेला अर्धा तास गेला. आता मी कुणाचाही असा फोटो बघितला की आधी कानाजवळच्या आणि कोपराजवळच्या फटी बघतो. काम कच्चं असेल तर तिथं लगेच समजतं.

आता चुकलेलं सांगतो, कारण त्यात एक छापील कागद वाया गेला. पडदा 30 वरून 105 वर नेला म्हणजे तिप्पट-साडेतिप्पट उजळला. पडद्याबरोबर फोटोतला दाणाही, म्हणजे गडद भागातले बारीक खडबडीत ठिपकेही, तेवढाच वाढतो. फोटो आयएसओ 800 वर काढलेला, म्हणून दाणा मुळातच होता, शिवाय पडद्याला घडीची एक आडवी रेघ होती, तीही उठून आली. रेघ हीलिंग ब्रशनं काढली, ते बरोबरच होतं. पण दाणा मला घाण वाटला, म्हणून मी उजेडाच्या आधी पडदा ब्लर करून अगदी गुळगुळीत केला. स्क्रीनवर तो मखमलीसारखा दिसला. लातूरच्या लॅबला फाईल पाठवली, बारा बाय अठराचा प्रिंट आला, आणि खांद्यापासून वरपर्यंत कांद्याच्या चकत्यांसारखी वर्तुळं.

कारण सरळ आहे. ही फाईल आठ बिटची होती, म्हणजे प्रत्येक रंगाला 0 ते 255 एवढ्याच पायऱ्या. गडद पडद्यावर मुळात रंगाच्या मोजक्याच पायऱ्या होत्या, 25, 26, 27 अशा. त्या ताणून तिप्पट केल्यावर दोन पायऱ्यांत तीन-तीनचं अंतर पडलं. दाणा असतो तेव्हा तो या पायऱ्या एकमेकींत मिसळून टाकतो, डोळ्याला सलग उतार दिसतो. मी दाणाच पुसला, मग पायऱ्या उघड्या पडल्या. म्हणजे ज्याला मी घाण समजलो, तेच उजेडाला जोडून ठेवत होतं.

ब्लर काढून टाकला. मूळ फाईल आधी Image > Mode मधून 16 Bits/Channel केली, म्हणजे पुढच्या लेयरांच्या हिशोबात नव्या पायऱ्या तुटत नाहीत. पण आठ बिटमध्ये काढलेल्या फोटोत नव्यानं माहिती येत नाही, हेही खरं. वाड्यातच रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली सगळी माहिती राखणारी फाईल, ठेवली असती तर ही अडचण खूप कमी झाली असती. मग उजेडाचे दोन्ही मास्क. Properties मधलं Feather मास्कला वरून लागतं, त्यामुळं आत टाकलेला दाणाही ते विरघळवून टाकतं. म्हणून आधी प्रत्येक मास्कचं सिलेक्शन घेतलं, Feather शून्य केलं, मास्क काळा करून त्या सिलेक्शनमध्ये पांढरा भरला, म्हणजे मऊ उतार मास्कमध्येच पक्का झाला, आणि मग त्यावर Add Noise, Gaussian, दोन टक्के. मास्कमध्ये दाणा टाकला की उजेडाचा उतारच किंचित खडबडीत होतो आणि वर्तुळं बनत नाहीत. साडीवर, चेहऱ्यावर तो येत नाही.

दुसऱ्यांदा थेट मोठा प्रिंट न काढता मी मधली पट्टी, उजव्या खांद्यापासून कोपऱ्यापर्यंत, चार बाय सहाच्या कागदावर मूळ आकारात छापून मागवली. वर्तुळं नव्हती. पण कागदावर सगळं स्क्रीनपेक्षा गडद आलं. केस आणि पडदा यांच्यातलं अंतर स्क्रीनवर जितकं वाटत होतं तितकं राहिलं नव्हतं. माझ्या स्क्रीनचा ब्राइटनेस दुकानात नेहमी जास्त असतो, दिवसा उन्हात दिसावं म्हणून. तो निम्म्यावर आणला, प्रिंट शेजारी धरला, आणि पसरट Curves 50 वरून 58 पर्यंत वाढवला. लहान लेयरला हात लावला नाही, कारण तो वाढवला असता तर गालाशेजारचा पडदा गालाच्या पुढं गेला असता. दुसरी पट्टी बरोबर आली.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी फ्रेम घेऊन वाड्यावर गेलो. काकूंनी ती खिडकीपाशी नेली, तिरपी केली, सरळ केली. झुमक्याजवळ बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघा, आता केस दिसायलेत." मग मागं वळून ओसरीकडं बघितलं आणि मला विचारलं, "पण भाऊ, तिथं तर तुम्ही दिवा लावलाच नव्हता. मागं उजेड कुठून आला?"

मी सांगितलं, नंतर लावला, दुकानात. त्या हसल्या आणि शेजारच्या बायकांना बोलावायला गेल्या.

त्याच रात्री पुण्याहून सूनबाईचा फोन आला. तिला दुसरा फोटो तसाच करून हवा होता, ज्यात ती खिडकीकडं पाठ करून, मान वळवून बघते आहे. मी तो फोटो उघडला, जुना ग्रुप त्यात ओढून टाकला आणि लगेच काढून टाकला. या फोटोत उजेड उजव्या गालावर होता आणि डावा खांदा पडद्यात बुडाला होता. केंद्र दुसऱ्या बाजूला न्यायचं, खांद्याची उंची वेगळी, लंबगोल नव्यानं बसवायचा. आणि या वेळी फट झुमक्याजवळ नव्हती, अंबाडा आणि मानेच्या मधे होती.